चार मिनिटांचे सहाशे रुपये

"चर्चा – २ तास." सल्लागाराच्या बिलाला जोडलेल्या टाइमशीटमध्ये ही ओळ दिसली की अकाउंट्सचा माणूस पेन उचलतो आणि समासात प्रश्नचिन्ह काढतो. कोणाशी चर्चा? कशावर? पुढे काय ठरलं? मेल जातात-येतात आणि बिल पुढच्या महिन्याच्या पेमेंटमध्ये ढकललं जातं. मग सल्लागार सगळीकडे सांगत सुटतो की क्लायंटला पैसेच द्यायचे नाहीत. बहुतेक वेळा हे खोटं असतं. त्या माणसाला सही करायचीच असते, पण उद्या ऑडिटरने विचारलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं आणि तुमच्या कागदात ते उत्तर नसतं.

तीच ओळ अशी लिहा: "लाइन २ च्या नव्या लेआउटवर प्रॉडक्शन मॅनेजरांशी फोन, कन्व्हेयरची दिशा बदलायचं ठरलं – ४७ मिनिटं." लिहायला अर्धं मिनिट जास्त लागतं, मात्र ते त्याच दिवशी लिहायला हवं. महिनाअखेरीला आठवून भरलेली टाइमशीट लगेच ओळखू येते: सगळ्या नोंदी बरोबर एक तास, दोन तास, तीन तासांच्या. खरं काम असं गोल आकड्यांत होत नाही. "ईमेल, फोन, ड्रॉइंग तपासणी – ३ तास" अशी मोट तर मुळीच बांधू नका. त्यातल्या एका फोनबद्दल शंका आली की तिन्ही तास अडकतात.

खरी भांडणं होतात ती राउंडिंगवर. समजा, पुण्यातला एक सल्लागार चाकणच्या कारखान्यासाठी तासाला २,४०० रुपये दराने काम करतो. म्हणजे मिनिटाला ४० रुपये. एका दिवसात त्याने चार कामं केली: ४ मिनिटांचा मेल, ८ मिनिटांचा फोन, ४७ मिनिटांची लेआउटवरची चर्चा आणि १७ मिनिटांचा आणखी एक फोन. एकूण ७६ मिनिटं, मिनिटाच्या हिशेबाने ३,०४० रुपये.

आता त्याचा नियम असेल की प्रत्येक नोंद पुढच्या पाव तासापर्यंत वर न्यायची, तर ४ ची १५ होतात, ८ ची १५, ४७ ची ६० आणि १७ ची ३०. झाले दोन तास, ४,८०० रुपये. चार मिनिटांच्या मेलचे ६०० रुपये! काम तेच, दिवस तोच, पण बिल १,७६० रुपयांनी फुगलं. नोंदी जितक्या बारीक, तितका फुगवटा जास्त. म्हणजे प्रामाणिकपणे तपशील लिहिणाऱ्याचंच बिल सर्वांत संशयास्पद दिसतं. तोच पाव तासाचा नियम नोंदींऐवजी दिवसाच्या बेरजेला लावला तर ७६ ची ९० मिनिटं होतात, ३,६०० रुपये. आणि पाव तासाऐवजी ६ मिनिटांचं एकक धरून दिवसाची बेरीज वर नेली तर ७८ मिनिटं, ३,१२० रुपये. खऱ्या वेळेपेक्षा फक्त ८० रुपये जास्त. एवढ्यासाठी कोणी मेल लिहीत बसत नाही.

माझं मत ठाम आहे: ६ मिनिटांचं एकक, आणि राउंडिंग दिवसातून एकदाच, बेरजेवर. पाव तासाचा करार आधीच झाला असेल तर तो पाळा, पण बिलात प्रत्यक्ष मिनिटं आणि आकारलेला वेळ असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवा. नियम पहिल्याच पानावर एका वाक्यात येऊ द्या: "प्रत्यक्ष वेळ मिनिटांत; दिवसाची बेरीज पुढच्या ६ मिनिटांपर्यंत; ६ मिनिटं = ०.१ तास." नियम लपवला की ८० रुपयांवरही संशय येतो.

सहा मिनिटांचा आणखी एक फायदा आहे. ६ मिनिटं म्हणजे बरोबर ०.१ तास. २० मिनिटं म्हणजे ०.३३३ आणि पुढे न संपणारे तीन. एक्सेलच्या पडद्यावर ०.३३ दिसतं, आत पूर्ण आकडा असतो. गुणाकार ८०० रुपये दाखवतो, आणि अकाउंट्समधला माणूस कॅल्क्युलेटरवर ०.३३ ला २,४०० ने गुणतो तेव्हा ७९२ येतात. आठ रुपयांचा हा फरक बिल थांबवायला पुरतो. त्याहून वाईट चूक म्हणजे पावणेदोन तास १.४५ असे लिहिणं. १ तास ४५ मिनिटं म्हणजे १.७५. १.४५ लिहिलं की सल्लागाराचे ७२० रुपये बुडतात, आणि पुढच्या महिन्यात कोणी बरोबर लिहिलं की क्लायंटला वाटतं, दर वाढवला. म्हणून मिनिटं पूर्णांकात लिहा आणि तास सूत्राने काढा. वरच्या दिवसाच्या चार नोंदी D रकान्यात असतील तर:

```
=CEILING(SUM(D2:D5),6)/60
```

उत्तर 1.3 येतं. त्याला दराने गुणलं की ३,१२०, आणि कॅल्क्युलेटरवरही तेवढेच.

दराबद्दल थोडक्यात. मुख्य सल्लागार, सहायक आणि प्रवास यांचे दर वेगळे असतील तर प्रत्येक ओळीत दर दिसला पाहिजे. १ एप्रिलपासून दर बदलला असेल तर ३१ मार्चपर्यंतचे आणि नंतरचे तास वेगळे तोडा आणि कोणत्या पत्राने तो दर मान्य झाला त्याची तारीख लिहा. तुमच्या चुकीमुळे ड्रॉइंग पुन्हा काढावं लागलं असेल तर ती मिनिटंही नोंदवा आणि शेजारी "आकार नाही" असं स्पष्ट लिहा. बाकीच्या ओळींवरचा विश्वास त्या एका ओळीने वाढतो.

शेवटची बेरीज क्लायंटच्या बँकेतून जाणाऱ्या रकमेपर्यंत आणा. महिन्याचे ३४.५ तास, म्हणजे ८२,८०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १४,९०४, एकूण ९७,७०४. व्यावसायिक फीवर क्लायंट १० टक्के टीडीएस कापत असेल तर ८,२८०, आणि तुमच्या खात्यात ८९,४२४. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ फीवर कापायचा असतो, जीएसटीसकट रकमेवर नाही. जीएसटी फीमध्ये मिसळून दाखवाल तर कपात ९७,७०४ वर होण्याचा धोका आहे, म्हणजे हातात जवळपास दीड हजार कमी.

सल्लागार मंडळींनो, या महिन्याचं बिल पाठवण्याआधी त्यातली कोणतीही एक तारीख निवडा आणि त्या दिवसाची रक्कम साध्या कॅल्क्युलेटरवर, फक्त कागदावर छापलेल्या आकड्यांवरून काढून बघा. रुपयाचाही फरक आला तर बिल पाठवू नका, आधी दुरुस्त करा.