अठ्ठावीस व्होल्टची बॅटरी

तेलगावात ऊसतोडीचा हंगाम लागला की ट्रॅक्टर बंद पडतात आणि आमच्यासारख्या स्वयंघोषित जाणकारांना सुगीचे दिवस येतात. व्हॉट्सअॅपवर मल्टीमीटरचा फोटो येतो, खाली एकच ओळ: ‘बघा बरं, काय दाखवतंय?’ आम्ही चष्मा पुसतो, दोन बोटांनी फोटो मोठा करतो आणि शक्य तितक्या गंभीर आवाजात निदान सांगतो. त्या गंभीर आवाजाची नशा काही औरच असते. समोर डॉक्टरचा कोट टांगलेला असता तर तोही अंगात चढवला असता. पण माझा दावा असा की काचेतला आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो कशाचा आकडा हे डायल सांगते, आणि फोटो काढणाऱ्याचा अंगठा नेमका डायलवर असतो.

समजा फोटोत 27.9 दिसतंय आणि मजकूर आहे, ‘ट्रॅक्टरची बॅटरी, इंजिन बंद.’ बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरच्या काचेवर एकक उमटत नाही, पण दशांश चिन्ह थोडी चुगली करतं. 20 च्या रेंजला टिंबानंतर दोन अंक येतात, 200 च्या रेंजला एक. म्हणजे डायल कुठल्यातरी 200 वर आहे. पण डायलवर 200 चा आकडा ठिकठिकाणी आहे: डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम, मिलिअँपिअर. बॅटरीला टोकं लावून व्होल्ट बघितले म्हणताहेत, तर उरले दोनच. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी, नागमोडी रेघ असेल तर एसी. अंगठा बाजूला करून पुन्हा फोटो मागवला की खूण नागमोडीवर सापडते, आणि कोडं सुटतं. या मीटरची एसी बाजू लाटेचा अर्धाच भाग घेते, त्याची सरासरी काढते आणि घरगुती विजेचा आकडा बरोबर यावा म्हणून ती सुमारे 2.22 पटीने वाढवून दाखवते. बॅटरीचं व्होल्टेज मुळात सपाट, त्याला अर्धा भाग वगैरे नसतो. पण गुणाकार तर होतोच. 12.6 गुणिले 2.22, झाले जवळपास 28. बॅटरी ठणठणीत आहे. रोग डायलला आहे.

यावर कोणी म्हणेल, अल्टरनेटर जास्त चार्ज करत असेल. पण इंजिन बंद आहे, अल्टरनेटर फिरतच नाही. तरी शंका असेल तर वायरींची अदलाबदल करा. खरा डीसी मोजला जात असेल तर तोच आकडा उणे चिन्हासह येईल. खरा एसी असेल तर काहीच बदलणार नाही. आणि डीसी चुकून एसीवर मोजत असाल तर आकडा शून्यापाशी कोसळेल. दुसरा आक्षेप असा की फोन करून ‘डायल कुठं होती?’ असं विचारलं की झालं. विचारा! तोवर सेल वाचवायला मीटर बंद केलेलं असतं आणि उत्तर येतं, ‘बरोबर जागेवरच होती की!’ महागडी मीटरं एकक स्वतःच दाखवतात हे खरं, पण बांधावरच्या पिशवीत ती नसतात.

आता माझ्या लाडक्या विषयावर थोडं रेंगाळू द्या: एकटा 1. काचेच्या डाव्या कडेला एकच 1 आणि उजवीकडे सगळं कोरं. हा एक म्हणजे एक नव्हेच. ‘माझ्या आवाक्याबाहेर’ असं मीटर म्हणतंय. खरा एक व्होल्ट 200 च्या रेंजला 01.0 असा दिसतो. ओहमवर दोन्ही टोकं हवेत धरा, हाच 1. तुटलेल्या फ्यूजला लावा, हाच 1. त्या अर्ध्या अंकावर मी तासभर बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याची सहनशक्ती असेपर्यंत बोलतोही. पण एके ठिकाणी गंमत संपते. डायल एसी 200 वर आणि टोकं 230 व्होल्टला, तरीही हाच 1 येतो. थ्री-फेज लाईट कित्येकदा रात्रीची असते. मोटारीच्या स्टार्टरपाशी ओल्या मातीत अनवाणी उभा असलेला माणूस एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फोन धरून हा फोटो पाठवतो. अशा वेळी गंभीर आवाजात ‘एकच व्होल्ट आहे, लाव हात’ म्हणणारा जाणकार नसलेलाच बरा. शेकडो व्होल्ट असण्याची शक्यता असेल तिथे डायल आधी सगळ्यात मोठ्या एसी रेंजला, म्हणजे 600 किंवा 750 वर, आणि मगच टोकं तारेला.

म्हणून विनंती एवढीच: फोटो मीटरच्या बरोबर समोरून काढा, तिरका काढला तर डायलची खूण शेजारच्या घरात सरकलेली दिसते. आकडा, अख्खी डायल आणि लाल वायर कुठल्या भोकात आहे, हे सगळं एकाच फोटोत येऊ द्या. ती 10 अँपिअरच्या भोकात असेल तर डायल व्होल्टवर असूनही व्होल्ट मोजले जात नाहीत, आणि बॅटरीला टोकं लावली तर थेट शॉर्ट होतो. आणि अंगठा कृपया खिशात ठेवा.