अठ्ठावीस दिवसांचे श्रीमंत

जून लागला की बँकेच्या शाखांत एक विशिष्ट गृहस्थ दिसू लागतात. वय पंचावन्नच्या आसपास, काखेत प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये ब्रिटनमधल्या कुठल्याशा विद्यापीठाचे मुलीच्या नावाचे ऑफर लेटर. 'बॅलन्स सर्टिफिकेट पाहिजे, आजच्या आज,' हे ते असे सांगतात की काउंटरवरच्या बाईंना वाटावे, विमान खाली रस्त्यावर उभे आहे. एरवी दोन-तीन हजारांच्या वर न जाणाऱ्या खात्यात अचानक पंचवीस-तीस लाख आलेले असतात, आणि रांगेतले लोक एकमेकांकडे बघून हसतात: दाखवायला आणलेत! माझे म्हणणे असे की हे हसणे बहुतेक वेळा चुकते. हा माणूस गरीबही नाही आणि सोंगाड्याही नाही. पैसा बचत खात्यात ठेवायचा नसतो, एवढीच त्याची आयुष्यभराची शिकवण आहे. खात्यात साठू लागले की काढून मुदत ठेव करायची, उरले तर पीपीएफ, विम्याचा हप्ता, बायकोच्या बांगड्या, गावाकडे सात-बारावर नाव चढलेले दहा गुंठे. या माणसाची ऐपत सगळीकडे आहे, फक्त खात्यात नाही. आणि परदेशी सरकार नेमके खातेच उघडून दाखवा म्हणते.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचा हिशोब घेऊ, कारण तो सर्वांत काटेकोर आहे. पहिल्या वर्षाच्या फीपैकी न भरलेली रक्कम, अधिक जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत पडावा लागतो. समजा फी १८,००० पौंड, त्यातले ५,००० भरले. उरले १३,०००. लंडनबाहेर राहण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये महिना १,१३६ पौंड ठरवले होते (पुढे ते वाढले). नऊ महिन्यांचे १०,२२४. एकूण २३,२२४ पौंड. पौंडाला ११५ रुपये धरले तर २६,७०,७६० रुपये. यात शेअर चालत नाहीत, पीपीएफ चालत नाही, बांगड्या आणि दहा गुंठे तर नाहीच नाही. सीएकडून शिक्क्यानिशी आणलेले मालमत्तेचे प्रमाणपत्र वजनदार दिसते, पण इथे त्याचा उपयोग शून्य. हवे तेव्हा काढता येतील असेच पैसे मोजले जातात. मामांनी मोठ्या मनाने स्वतःचे पासबुक पुढे केले तरी ते परत करावे लागते, कारण खाते विद्यार्थ्याचे, जोडीदाराचे, आईवडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचेच लागते; आईवडिलांचे असेल तर जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्रही जोडावे लागते.

आता तो दाखला. बँकेच्या संगणकातून जो नमुना सहज बाहेर येतो त्यात नाव, खाते क्रमांक, अमुक तारखेची शिल्लक आणि खाली 'बँकेवर कोणतीही जबाबदारी नाही' अशा अर्थाची एक ओळ असते. आपले गृहस्थ तो कागद दोन्ही हातांनी घेतात आणि घरी देवापुढे ठेवतात. पण तो एका दिवसाचा दाखला आहे. ब्रिटनला त्याने अर्धेही काम होत नाही. मागायचे असते ते २८ दिवसांचे स्टेटमेंट, किंवा या तारखेपासून त्या तारखेपर्यंत शिल्लक इतक्याच्या खाली गेली नाही असे लेटरहेडवरचे पत्र. ते मागायला शब्द लागतात, आणि गृहस्थांकडे त्या क्षणी फक्त घाई असते. खरी परीक्षा ऐपतीची नाहीच, पैशाला हात न लावण्याची आहे, असे मी म्हणतो ते इथे. मधल्या एका दिवशीही शिल्लक खाली आली की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. आपल्या गृहस्थांनी काटकसरीने नेमके २६,७१,००० ठेवले आहेत. वर शिल्लक २४० रुपये. ज्या शाखेत दाखल्याला १०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी आहे तिथे ११८ गेले. तिमाही एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे गेले. एटीएम कार्डाचे वर्षाचे २०० आणि त्यावरचा कर मिळून २३६ गेले. एकूण ३७१ रुपये ७० पैसे, म्हणजे पंचवीस लाखांवरचा धनी १३१ रुपये ७० पैशांनी नापास! व्याज जमा होईल की, असे कोणी म्हणेल. पण ते बहुधा तिमाहीअखेर जमा होते, आणि हे २८ दिवस मध्येच पडले तर कामाचे नाही. त्यात म्युच्युअल फंडाची एसआयपी थांबवायची राहून गेलेली असते, ती वेगळीच. आणि हे सगळे निभावले तरी रुपया राहतो. रकमेची तुलना अर्जाच्या दिवशीच्या दराने होते. पौंड ११५ चा ११६ झाला की गरज २३,२२४ रुपयांनी वाढते. म्हणून जाणकार लाख-दीड लाख वर ठेवायला सांगतात. गृहस्थांना मात्र गरजेपेक्षा जास्त पैसे साडेतीन टक्क्यांहून कमी व्याजावर झोपवणे म्हणजे एकादशीला मटण वाटते.

यावर आक्षेप असा की मामांचे, काकांचे, शेजाऱ्यांचे पैसे गोळा करून ठेवणारेही याच रांगेत असतात. मग हसलो तर बिघडले कुठे? असतात, हे खरे. महिन्याचे व्याज घेऊन खात्यात रक्कम उभी करून देणारे दलालही आहेत. पण दोन माणसांत फरक करायला हवा. मामाने खरोखर शिक्षणासाठी दिलेले पैसे आणि एकोणतिसाव्या दिवशी परत जाणारे पैसे स्टेटमेंटवर सारखेच दिसतात, आणि म्हणूनच अधिकारी मोठी रक्कम अचानक आलेली दिसली की उगम विचारू शकतो. तिथे बक्षीसपत्र, मोडलेल्या ठेवीची पावती, विकलेल्या जागेचा करार कामाला येतो. ज्याने खोटा दाखलाच छापून घेतला त्याच्या मुलीवर मात्र दहा वर्षांपर्यंत ब्रिटनबंदी येऊ शकते. आपल्या गृहस्थांकडे पावत्या सगळ्या असतात, १९९६ सालापासूनच्या. बाजूला ठेवलेल्या फाइलमधून नेमकी हवी ती सापडत नाही, एवढाच दोष.

दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा: मग शैक्षणिक कर्ज का घेत नाहीत? मुलीच्या नावाचे मंजुरीपत्र अर्जाच्या आधी सहा महिन्यांच्या आतले असले की २८ दिवसांचे व्रतच उरत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे, पण गृहस्थांना तो पटत नाही. 'घरात ठेवी असताना कर्ज?' हे वाक्य ते ठेव मुदतीआधी मोडण्याचा दंड भरत भरत उच्चारतात. जर्मनीने तर या साऱ्या प्रकाराला फाटाच दिला आहे. तिथे दाखला नको, आधी पैसेच पाठवा: सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, बंद खात्यात, त्यातून मुलीला महिन्याला ९९२ मिळणार. शंका नाही, उगम नाही, लेटरहेड नाही. गृहस्थांना ही पद्धत मुळीच आवडत नाही. दाखवायला सांगा, हवे तितके दाखवतो, म्हणतात. पण मुलगी इथे आणि पैसे तिथे, ही कुठली रीत?