विषय बरा आहे, पण बातमी काय?

तालुक्यातून जिल्हा आवृत्तीसाठी बातम्या देणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीने हे वाक्य ऐकलेले असते. मीही ऐकले. मी बाळापूरची, आणि वाडेगावच्या कागदी लिंबांवर मला बातमी करायची होती. वृत्तसंपादकांनी कल्पना ऐकली, "विषय बरा आहे, पण बातमी काय?" एवढे विचारले आणि फोन ठेवला. माझी पहिली तक्रार याच वाक्याबद्दल आहे. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर कसे शोधायचे हे विचारणारा सांगत नाही. ते प्रशिक्षणार्थीने आपले आपण शोधायचे, असा रिवाज पडला आहे.

वाडेगावची लिंबे हा विषय झाला. तो मागच्या वर्षीही होता आणि पुढच्या वर्षीही राहील. कालपर्यंत नव्हते असे आज काही घडले, तर त्याची बातमी होते. संपादकांना चार गोष्टींची उत्तरे हवी असतात: नवीन काय, आजच का, फरक कोणाला पडतो आणि नावानिशी बोलणार कोण. ही उत्तरे दोन वाक्यांत बसली की कल्पना मंजूर होते. "वाडेगावच्या बाजारात लिंबाची आवक वाढून भाव आठवड्यात निम्म्यावर आले. उत्पादक, अडते आणि कृषी विभाग असे तिघे बोलतील, फोटोही मिळेल." एवढे कळवले तेव्हा लगेच उत्तर आले: "150 शब्द, पाचपर्यंत." चार प्रश्नांची ही यादी पहिल्याच दिवशी कोणी कागदावर लिहून दिली असती, तर मधले सगळे हेलपाटे वाचले असते.

आता बाजाराचे. वाडेगाव बाळापूर तालुक्यातच आहे आणि लिंबाचा व्यवहार सकाळीच उरकतो. दुपारी पोहोचणाऱ्याला रिकामे कट्टे दिसतात आणि कोणीतरी सांगितलेला भाव ऐकायला मिळतो. तिथे खरी कसोटी भाव विचारण्याची नसून तो कशाचा आहे हे विचारण्याची असते. अडत्या कट्ट्याचा भाव सांगतो, शेतकरी किलोचा हिशेब करतो आणि बाळापूरच्या किरकोळ बाजारात लिंबू नगावर विकले जाते. तिन्ही आकडे एकाच बातमीत शेजारी ठेवले तर वाचकाला काहीच कळत नाही. उलट कोणीतरी लुटतो आहे, असा भलताच अर्थ निघू शकतो. एका उत्पादक काकांनी मला हटकले ते यावरूनच: "पोरी, भाव तं लिहून घेतला, पन कट्टा केवढ्याचा हाय थेबी इचार ना."

त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. समजा, कट्टा 20 किलोचा आहे आणि त्याला 600 रुपये मिळाले. मग किलोला 30 रुपये पडले. एका किलोत मध्यम आकाराची 20 ते 25 लिंबे धरली, तर शेतकऱ्याला एका लिंबामागे 1.20 ते 1.50 रुपये मिळाले. तेच लिंबू शहरात 3 रुपयांना जात असेल, तर ही तफावत आता एकाच मापात दिसते. शेतकऱ्याला मिळालेल्या रकमेतून तोडणीची मजुरी, बारदाना, वाहतूक आणि अडत वजा जाते. ही वजाबाकी मांडली नाही, तर "शेतकरी हवालदिल" हे शब्द छापून उपयोग नाही. वर्षभर तेच शब्द प्रत्येक पिकाला लावून झालेले असतात.

दुसरी तक्रार सरकारी फोनची. भाव का पडले यावर अधिकाऱ्यांचे म्हणणे हवे असते. सकाळी साहेब दौऱ्यावर असतात, दुपारी बैठकीत असतात आणि चारनंतर फोन लागत नाही. साहेबांना पाचची वेळ ठाऊक असते, तरी सहा वाजता "उद्या या, लेखी देतो" असा निरोप येतो. अशा वेळी त्यांच्या तोंडी काही घालायचे नाही. संपर्काचा प्रयत्न केला, प्रतिसाद मिळाला नाही, असे सरळ लिहायचे. कारण सांगणारा फक्त अडत्याच असेल, तर "आवक वाढल्याने भाव पडले" असे आपल्या अंगावर न घेता "आवक वाढल्याने भाव पडल्याचे अडत्यांनी सांगितले" असे लिहायचे. दोन-तीन शब्दांचा फरक आहे, पण दुसऱ्या दिवशी कोणी जाब विचारला तर तेच शब्द कामी येतात.

मग लिहिणे. बहुतेक प्रशिक्षणार्थी सुरुवात अशी करतात: "अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुका लिंबू उत्पादनासाठी प्रसिद्ध असून..." हे वाक्य वाडेगावच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. इंट्रोत घटना हवी: "वाडेगाव येथील बाजारात सोमवारी लिंबाचे भाव आठवडाभरापूर्वीच्या तुलनेत निम्म्यावर आले. तोडणीची मजुरीही निघत नसल्याचे उत्पादकांचे म्हणणे आहे." दुसऱ्या परिच्छेदात किलोचा हिशेब, तिसऱ्यात अडत्यांनी सांगितलेले कारण, चौथ्यात प्रशासनाची बाजू आणि शेवटी पूर्वपीठिका. हा क्रम पाळावाच लागतो, कारण जागा कमी पडली की डेस्क बातमी शेपटीकडून कापते. शेवटचा परिच्छेद न वाचताच जातो. माझी तक्रार कापण्याबद्दल नाही. पानावर जाहिरात आली की 150 शब्दांचे 90 होणारच. पण कापणाऱ्याने एक फोन करावा. किलोचा हिशेब उडाला आणि कट्ट्याचा भाव तेवढा राहिला, तर उरलेली बातमी चुकीची ठरते. दुसऱ्या दिवशी बाजारात काकांसमोर उभे राहायचे असते ते आम्हाला, डेस्कला नाही.

तिसरी तक्रार वेळेची. दूरच्या गावांना अंक पहाटे पोहोचावा म्हणून डाक आवृत्तीची पाने शहर आवृत्तीच्या आधी सुटतात. त्यामुळे तालुक्याच्या बातमीदाराला सर्वांत कमी वेळ मिळतो आणि प्रवास मात्र सर्वांत जास्त करावा लागतो. त्यातच मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेली कॉपी कार्यालयातल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरे तुटतात आणि ती दुरुस्त करण्यात दहा-पंधरा मिनिटे मोडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसून पोहोचतो आणि छपाईला चालत नाही. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा असतो. हे सांगायला एक मिनिट पुरते, पण ते फोटो नाकारल्यावर सांगितले जाते.

दरवर्षी 6 जानेवारीला पत्रकार दिन होतो. 1832 साली त्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, हे प्रत्येक भाषणात सांगितले जाते आणि सांगायलाच हवे. त्याच सभागृहात बसलेल्या नव्या मुलांना आपल्या तालुक्याचे पान किती वाजता सुटते, हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

म्हणून संपादक मंडळींना विनंती आहे. नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की एका कागदावर एवढे लिहून द्या: कल्पना मांडताना कोणत्या चार प्रश्नांची उत्तरे हवीत, पान किती वाजता सुटते, शब्दमर्यादा किती, कॉपी कोणत्या फॉन्टमध्ये हवी, फोटो कसा पाठवायचा आणि कापाकापीबद्दल रात्री कोणाला फोन करायचा. अर्धे पान पुरेल. मग "बातमी काय?" हा प्रश्न खुशाल विचारा. उत्तर तयार असेल.