‘उर्मट’ खोडताना

विरार लोकलच्या दारात जी भाषा चालते, ती अर्जात चालत नाही. विरारच्या एका निवृत्त मास्तरांना हे त्यांच्या सुनेनं शिकवलं.

मास्तरांचं काम साधं होतं. वडिलांच्या नावावरची मालमत्ता कराची नोंद स्वतःच्या नावावर करून घ्यायची. कागद देऊन मुदत उलटली, तेव्हा ते कार्यालयात चौकशीला गेले. साहेबांनी मोबाईलवरची नजरही न उचलता सुनावलं, “कळत नाही तर येता कशाला?” वर्गात आयुष्यभर हेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवलेले मास्तर रात्रभर तळमळले आणि पहाटे त्यांनी पत्र लिहिलं: ‘आपल्यासारख्या उर्मट, मुजोर, जनतेच्या पैशावर पोसलेल्या अधिकाऱ्यास मी बघून घेईन.’

सूनबाई दुसऱ्या एका खात्यात टपाल हाताळते. तिनं लाल पेन उचललं.

“बाबा, ‘बघून घेईन’ आधी काढा. उद्या तुमच्याच विरुद्ध धमकीची तक्रार होईल.”

“मग ‘उर्मट’ तरी राहू दे!”

“ते तुमचं मत झालं, साहेब नाकारतील. ते जे बोलले तेच अवतरणात घाला, सोबत तारीख, वेळ आणि टेबल. वाचणारा स्वतःच म्हणेल, काय उर्मट माणूस आहे!”

मग तिनं एका पत्राची दोन केली. नोंदीचा पाठपुरावा आणि वागणुकीची तक्रार एकाच कागदावर आली, की खुलासे मागवण्यात दिवस जातात आणि नोंद तशीच पडून राहते. म्हणून वागणुकीचं पत्र थेट वरिष्ठांच्या पदनामाने गेलं. कामाच्या पत्रात अपमानाचा उल्लेखच नव्हता. वर ‘महोदय’ होतं, विषय एका ओळीचा होता, संदर्भात अर्जाचा क्रमांक होता, आणि मजकूर असा: ‘सदर अर्जाची विहित मुदत संपली आहे. विलंबाचे कारण लेखी कळवावे. अन्यथा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये प्रथम अपील दाखल करावे लागेल.’

“एवढंच? यात माझा राग कुठे आहे?” मास्तर हिरमुसले.

“‘अन्यथा’मध्ये,” सूनबाई म्हणाली.

तिचं खरं होतं. या कायद्यात सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला, त्याचं म्हणणं ऐकून घेऊन, ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र सेवा त्या कायद्याखाली अधिसूचित असायला हवी, आणि प्रथम अपील साधारणपणे ३० दिवसांत करायला हवं. म्हणून नुसती कलमांची फेक कामाची नाही. जे आपण खरंच करणार आहोत, तेवढंच ‘अन्यथा’नंतर लिहावं.

शेवटी ‘आपला नम्र’वर वाद झाला. मास्तर नम्र व्हायला तयार नव्हते, सूनबाई ‘आपला संतप्त’ला तयार नव्हती. ‘आपला विश्वासू’वर तडजोड झाली.

असं पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक मात्र घ्याच. अपिलात तीच प्रत लागते.