मंगळवार सकाळी दहाचा मुहूर्त

इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकायचे मुहूर्त सांगणारी नवी पंचांगं निघाली आहेत. ‘मंगळवार, सकाळी दहा’ हा त्यातला सर्वार्थसिद्धी योग. असले तक्ते बरेचदा पोस्टचं वेळापत्रक लावून देणाऱ्या कंपन्या काढतात. हजारो खात्यांची सरासरी घेतात, त्यात बूटवालेही येतात आणि बँकाही. आपल्या कोथरूडच्या पोळीभाजी केंद्राचा त्यात वाटा किती, हे कुणी विचारत नाही. शिवाय दहा म्हणजे कुठले दहा? न्यूयॉर्कचे असतील, तर उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात.

अशा एखाद्या केंद्राच्या काकूंना भाचा हा तक्ता छापून देतो. काकू मंगळवारी दहाला मटकीच्या उसळीचा फोटो टाकतात. त्या वेळी गिऱ्हाइकाचा डबा ठरून गेलेला असतो. आणि मंगळवारी अंगारकी आली, तर मटकीला विचारतो कोण?

तक्ता बाजूला ठेवून काकूंना दोनच वेळा पारखायच्या आहेत: सकाळी साडेआठ, किंवा आदल्या रात्री नऊ. पहिल्या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवारचा मेनू सकाळी टाकायचा, मंगळवार-गुरुवारचा आदल्या रात्री. दुसऱ्या आठवड्यात उलट. चार आठवड्यांत प्रत्येक वेळेच्या वाट्याला दहा पोस्ट येतात आणि प्रत्येक वारही सारखाच येतो. फोटोची धाटणी आणि भाव बदलायचे नाहीत. सोमवारी रील आणि मंगळवारी साधा फोटो टाकला, तर जिंकलं कोण, वेळ की रील, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. संकष्टी-एकादशीचे दिवस वगळून त्याच वाराला, त्याच वेळेला पुढे भरून काढायचे.

मोजायचं काय? भाचा लाइक मोजतो. त्यातले निम्मे लातूरचे नातेवाईक, डबा न्यायला येणार नाहीत. काकूंनी वहीत दोन आकडे लिहावेत: पोस्टला चोवीस तास झाल्यावर इन्साइट्समध्ये दिसणारा रीच, आणि मेनूच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत आलेल्या ऑर्डरी.

सरासरी मात्र काढू नये. समजा नऊ पोस्ट चारशेच्या आसपास लोकांनी पाहिल्या आणि दहावी कुणा रीलस्टारनं शेअर केल्यामुळे नऊ हजारांवर गेली. सरासरी एकदम साडेबाराशेच्या वर जाते आणि भाचा नाचू लागतो. दहाही आकडे चढत्या क्रमानं लावून पाचव्या-सहाव्यामधला पाहिला, की तो चारशेच निघतो.

समजा, रात्रीच्या पोस्टचा रीच थोडा जास्त निघाला, पण ऑर्डरी सकाळच्याच जास्त आल्या. मग काकूंची वेळ सकाळची, रीच काही म्हणो. दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतील, तर फरक नाही असं धरून सवडीनं पोस्ट टाकावी. तसंही इन्स्टाग्रामनं 2016 मध्येच फीड निव्वळ वेळेच्या क्रमानं दाखवणं सोडलं, त्यामुळे घड्याळाचा जोर मुळातच थोडा कमी झालेला आहे.

जूनमध्ये वसतिगृहं भरली, की ही वही पुन्हा उघडावी लागते. नवी पोरं साडेआठला उठतात की नाही, हे त्यांच्या आयांनाही ठाऊक नसतं.