आराम अदीरी?

धारवाडात माणूस भेटला की आधी विचारतो, "आराम अदीरी?" म्हणजे, बरे आहात ना? याचं उत्तर "आराम" एवढंच असतं. हा प्रश्न नसून नमस्कारच आहे, हे मला नोकरीला लागल्यावर वर्षभराने उमगलं. तोवर मी खरी उत्तरं देत होतो.

एकदा ज्युबिली सर्कलला चिगरी बसमध्ये चढलो आणि ओळखीच्या एका अक्कांनी असंच विचारलं. मी म्हणालो, "पोटात जळजळतंय हो." उणकल तळं येईपर्यंत त्यांनी माझं पित्त, माझा चहा आणि माझ्या बायकोचा स्वयंपाक या तिन्हींची चौकशी उरकली. हुबळीला ऑफिसात पोचतो तर शिपाई विचारतो, "ऑपरेशन कधी, साहेब?" चिगरीला धावायला रस्त्यात वेगळी मार्गिका लागते, बातमीला तीही लागत नाही.

त्या दिवसापासून मी दुसरं टोक गाठलं. कुणाला काही सांगायचंच नाही. मग मधुमेह निघाला. गोळ्या झाल्या, पुढे सकाळचं इन्सुलिन सुरू झालं, तरी ऑफिसात कुणाला पत्ता नाही. आमच्या गावात हे लपवणं सोपं नसतं, कारण बढती झाली पेढा, मुलगी पास झाली पेढा, नवी स्कूटर आली तरी पेढाच. मी प्रत्येक पेढा "घरी नेतो हं" म्हणत कागदात गुंडाळायचो. खालच्या खणातल्या मुंग्यांना तेवढं माझं दुखणं ठाऊक होतं.

एका मार्चअखेरीस हिशेब जुळेना. एकचा डबा अडीचपर्यंत उघडला नाही. सकाळी टोचलेलं इन्सुलिन मात्र आपलं काम वेळेवर करत होतं, त्याला मार्चएंड नसतो. हात थरथरू लागले, घाम फुटला, आकडे दोन-दोन दिसू लागले. आणि मी चिडलो. समोरच्या बाईंनी साधी पिन मागितली, तर मी त्यांच्यावर खेकसलो. साखर उतरली की माणूस असा विनाकारण चिडचिडा होतो, हे लक्षण डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. ऑफिसला कोण सांगणार? त्यांना वाटलं, वरचे साहेब मला रागावले असतील. म्हणून सगळे शहाण्यासारखे माझ्यापासून लांब राहिले.

शेवटी मी खुर्चीतून घसरलो. "एनागेत्री, एनागेत्री?" करत सगळे धावले. मी कसंबसं "शुगर" म्हणालो. शुगर म्हणजे वाढलेलीच असणार, असं समजून एकाने मेथीचं पाणी सुचवलं. दुसऱ्याला खरा अर्थ कळला आणि त्याने धारवाडी धर्माला जागून पेढा पुढे केला. पेढा गोड खरा, पण त्यात खवा. दुधातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. अशा वेळी हवी असते नुसती साखर: तीन चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, पाण्यात ढवळून. मग 15 मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. आकडा 70 च्या खालीच असला तर तेवढीच पुन्हा द्यायची, वर आला की जेवायला बसवायचं. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा, कारण घास श्वासनळीत जाऊ शकतो. सुदैवाने शेजारच्या टेबलावरच्या अण्णांच्या घरी मधुमेही आई होती. त्यांनी चहावाल्याकडून साखर आणवली. पंधरा-वीस मिनिटांत मी माणसात आलो आणि आधी त्या बाईंची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी अण्णांना आणि त्या बाईंना बाजूला घेऊन मी तीनच वाक्यं सांगितली. मी इन्सुलिन घेतो. घामाघूम झालो, थरथरलो किंवा उगाच चिडलो तर ग्लुकोज वरच्या खणात आहे. बेशुद्ध पडलो तर काही भरवू नका, दवाखान्यात न्या. रोग कधीपासून आहे, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा काय, बायको काय म्हणते, यातलं काही नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की कळवणं वेगळं आणि मोकळं होणं वेगळं. ज्याला आपल्यासाठी काही करावं लागणार आहे, त्याला कळवायचं, आणि त्या कामापुरतंच. मोकळं व्हायला दुसरं माणूस लागतं. मी अक्कांना जे कळवायची गरज नव्हती ते सांगितलं होतं आणि अण्णांना जे कळवायला हवं होतं ते लपवलं होतं.

पैशालाही हाच गज लावून पाहिला. सोसायटीतून तीन लाखांचं कर्ज काढायचं होतं, जामीनदार म्हणून अण्णांची सही हवी होती. माझी जीभ म्हणाली, कशासाठी लागतायत ते सविस्तर सांग, म्हणजे नाही म्हणणार नाहीत. पण कारण सांगून त्यांच्या डोळ्यांत पाणी आणणं वेगळं आणि त्यांना सावध करणं वेगळं. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला पिळून मग जामीनदाराकडे यावं, असं कर्ज देणाऱ्यावर सहसा बंधन नसतं. म्हणून अण्णांपुढे मी कागद ठेवला. रक्कम किती, हप्ता किती, किती महिने, आणि घराचा आधीचा हप्ता पगारातून किती कापला जातो, हे शेवटचं आकड्यानिशी. कारण विचारलंत तर सांगेन, म्हटलं. अण्णांनी आधीचा हप्ता दोनदा वाचला, मान हलवली आणि सही केली. कारण आजतागायत विचारलेलं नाही.

घरच्या भानगडींचं त्याहून अवघड. माझी साखर माझी, माझं कर्ज माझं, पण भावाचं मोडलेलं लग्न माझं नव्हे. ते त्याचं आहे, चहाच्या कपाबरोबर मी ते कसं वाटणार? रजेच्या अर्जावर "घरगुती कारणास्तव" हे दोन शब्द ज्याने शोधले, त्याला माझा दंडवत.

मग मोकळं कुठे व्हायचं? या गावात एक माणूस राहून गेला. जी. ए. कुलकर्णी इथल्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवायचे. काळा चष्मा, समारंभांना पाठ. त्यांच्याबद्दल गावाला फारसं ठाऊक नसे. पण 1987 मध्ये ते गेले आणि पुढे त्यांची पत्रं पुस्तकरूपाने आली. बघावं तर सुनीताबाई देशपांड्यांना या अबोल माणसाने पानंच्या पानं लिहिलेली. गावासाठी बंद असलेलं दार पोस्टमनसाठी सताड उघडं होतं. मी काही जीए नाही. माझं मोकळं होणं म्हणजे रविवारी सोलापूरच्या मित्राला फोन. तो रडू देतो, मध्ये कारल्याचा रस सांगत नाही.

परवा बसमध्ये त्याच अक्का भेटल्या. "आराम अदीरी?"

"आराम."

त्या खिडकीबाहेर बघू लागल्या, जराशा हिरमुसल्या असाव्यात. हुबळीला ऑफिसात एक वाजला, हिशेब जुळत नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि डबा पुढे सरकवला.