आयत्या वेळचे विषय

कॉलेजात मला पहिल्यांदा एका प्रकल्पाचा प्रमुख केलं, ते बहुधा माझं अक्षर बरं म्हणून. मोहफुलांच्या पदार्थांचं प्रदर्शन भरवायचं होतं आणि आम्ही होतो सहा जण. पहिली बैठक अडीच तास चालली. सगळे भरभरून बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि उठताना एक जण म्हणाला, "होऊन जाते बाप्पा, काहून टेन्शन घेतं!" आठवड्यानं कळलं, की मंडपवाल्याला दोघांनी सांगून ठेवलंय आणि मोहफुलं आणायला कोणीच गेलेलं नाही. मंडप दोन, फूल एक नाही.

तेव्हा धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आठवलं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं घेतं. मला मोह पडला तो त्यांच्या अभ्यासगटाचा. गट विषयाची खोलात चर्चा करतो, माहिती मिळवतो. पण निर्णय घेत नाही. तो ग्रामसभेचा. आम्ही मात्र एकाच खोलीत, एकाच चहावर दोन्ही उरकायला बसलो होतो.

पुढच्या वेळी चर्चा आदल्या दिवशी कट्ट्यावर उरकली. भाव काढायला दोघांना बाजारात धाडलं. बैठकीला पाऊण तास ठेवला. विषयपत्रिकेवर 'मोहफुलं' असा नुसता शब्द लिहिला की जो तो आपल्या आजीच्या लाडवांवर घसरतो. म्हणून प्रश्न लिहिला: 'वाळलेली मोहफुलं दहा किलो घ्यायची की वीस? कोण आणणार?' पुढे 'पंधरा मिनिटं'. घड्याळ सांभाळायला मी नाही, सगळ्यांत अबोल मैत्रीण बसवली. मीच घड्याळ पाहिलं असतं तर माझ्या बोलण्याची पाच मिनिटं मला दोनच वाटली असती.

वीस किलोला एकाची हरकत होती: उरलेली पावसाळी हवेत ओलावतील. हरकत रास्त निघाली, पंधरावर सगळे आले. मंडपाचं मात्र जमेना. तेव्हा मत घेतलं नाही. कोणती माहिती कमी पडतेय ते लिहिलं, ती कोण आणणार ते लिहिलं, विषय पुढे ढकलला. अशानं वेळ जातो, हे खरं. उद्यावर प्रदर्शन असेल तर सहमतीची ही चैन परवडत नाही; प्रमुखानं ठरवावं आणि 'प्रमुखानं ठरवलं' असंच लिहावं.

उठण्यापूर्वी वही वाचून दाखवली: पंधरा किलो, अमुक आणणार, गुरुवारपर्यंत. 'अमुक'नं लगेच हात वर केला, "गुरुवारी माझा पेपर आहे." गुरुवार खोडून शनिवार केला.

आयत्या वेळच्या विषयांत कोणीतरी नाश्त्याचं काढलंच. पण साडेपाचची एसटी होती, आणि ती कोणाच्या परवानगीनं थांबत नाही.